एसआयपी मधेच बंद, मधेच मोठी रक्कम, मधेच थोडे काढले: खरा परतावा ९.८ की १६.६? (आणि एक्सेलात #VALUE! येतंय)

चिकोडीची_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी चिकोडी भागात शाळेत शिकवते, घरची शेती आहे. जानेवारी २०२३ पासून एका इक्विटी फंडात महिन्याला ५ हजाराची एसआयपी चालू केली. पण शेतीच्या घरात पैसा काय महिन्याच्या महिन्याला तेवढाच उरत नाही, जूनमध्ये पेरणी, बी-खत आलं की हप्ता थांबवायचा, सोयाबीन विकलं की नोव्हेंबरात एकदम ५० हजार टाकले, परत जानेवारी ते जून हप्ते, आणि परवा ऑक्टोबरात सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ४० हजार काढले. आज १० जानेवारी २०२५ ला फंडात ९१,५०० दिसतायत.

आता प्रश्न असा की आमचे दाजी म्हणतात, एकूण १ लाख १० हजार घातले, ४० हजार मिळाले आणि ९१,५०० शिल्लक, म्हणजे २१,५०० फायदा, तो १९.५ टक्के, दोन वर्षं झाली म्हणून वर्षाला ९.८. एफडीला ७ टक्के बसतात, दोन-अडीच टक्क्यांसाठी एवढी जोखीम कशाला घेता. आणि अ‍ॅपमध्ये त्याच फंडापुढे १६.६ टक्के लिहिलंय. दाजी म्हणतात अ‍ॅपवाले फुगवून दाखवतात. म्हणून म्हटलं आपणच एक्सेलात करून बघू, तर सूत्र घातलं की #VALUE! येतंय, दोन संध्याकाळ बघायलेय, काही सुटेना. आकडे खाली देतेय.

```
A (तारीख)     B (रक्कम)
10/01/2023     -5000
10/02/2023     -5000
10/03/2023     -5000
10/04/2023     -5000
10/05/2023     -5000
12/06/2023     -5000
20/11/2023    -50000
10/01/2024     -5000
12/02/2024     -5000
11/03/2024     -5000
10/04/2024     -5000
10/05/2024     -5000
10/06/2024     -5000
10/10/2024     40000
10/01/2025     91500
```

पहिल्या ओळीत नावं आहेत, आकडे दुसऱ्या ओळीपासून सोळाव्यापर्यंत. काही तारखा १० च्या ऐवजी ११, १२ आहेत कारण १० ला सुट्टी पडली, स्टेटमेंटमध्ये जशा आहेत तशाच घेतल्यात.

उद्यमबाग_सीएनसी

बाई एवढी भानगड कशाला, सरळ IRR वापरा की. महिन्यामहिन्याची एक ओळ करा, ज्या महिन्यात हप्ता नाही तिथं शून्य घाला, शेवटी आजची किंमत, IRR जे देतंय ते महिन्याचं व्याज, त्याला १२ नं गुणा, झालं काम. आमच्या कारखान्यात मशीनच्या कर्जाचा हिशोब मी असाच करतो, तारखांचा प्रश्नच येत नाही.

गणेशपूर_वही

बाई, आधी दाजींच्या आकड्याचं बोलू, एक्सेलचं नंतर, कारण तिथं खरी गाठ आहे. (मी बँकेत होतो, आता रिटायर आहे, हे हिशोब मला आवडतात म्हणून लांबण लागेल, सांभाळून घ्या.)

दाजींनी २१,५०० हा फायदा बरोबर काढलाय, त्याला १ लाख १० हजारानं भागलं तेही ठीक. चूक आहे ती दोन वर्षांनी भागण्यात. तुमचे सगळे पैसे दोन वर्षं फंडात होते का? दोन वर्षं तर फक्त पहिला पाच हजाराचा हप्ता होता. जून २०२४ चा हप्ता सात महिने, सोयाबीनचे ५० हजार साडेतेरा महिने, आणि ४० हजार तर तुम्ही ऑक्टोबरातच बाहेर काढले, ते शेवटचे तीन महिने फंडाकडे नव्हतेच. मी प्रत्येक रकमेला ती किती दिवस आत राहिली त्यानं गुणून बेरीज घेतली, काढलेले ४० हजार वजा केले, तर १ लाख १० हजार रुपये सरासरी साधारण १ वर्ष दीड महिना कामाला होते असं निघतं. म्हणजे १९.५ टक्के कमावले ते दोन वर्षांत नव्हे, सव्वा वर्षाच्याही आत. १९.५ ला १.१३ नं भागलं तर १७.२ येतात, आणि चक्रवाढ धरली की ते थोडं खाली येऊन १६.६ होतं. अ‍ॅपनं काही फुगवलेलं नाही.

एक्सेलचं XIRR हे सूत्र हेच करतंय, फक्त अजून बारकाईनं. ते असा एक वार्षिक दर शोधतं की प्रत्येक रक्कम आपापल्या तारखेपासून त्या दरानं वाढवली आणि काढलेली रक्कम तशीच वाढवून वजा केली तर आज बरोबर ९१,५०० उरतात. १६.६४ टक्क्यांनी तुमचा जानेवारी २०२३ चा पाच हजार आज सुमारे ६,८०५ होतो, जून २०२४ चा पाच हजार सुमारे ५,४७२, नोव्हेंबरचे ५० हजार सुमारे ५९,६१३. काढलेले ४० हजार आत राहिले असते तर ४१,५८० च्या आसपास झाले असते, म्हणून तेवढे वजा. एक्सेल एक दर धरून बघतं, जमलं नाही की दुसरा धरतं, असं शंभर फेऱ्यांपर्यंत करतं.

उद्यमबागच्या पोरा, शून्य घालून IRR काढायची कल्पना बरी आहे, पण १२ नं गुणणं चुकतं. बाईंच्या आकड्यात महिन्याचा दर १.२८ च्या आसपास येतो, १२ नं गुणलं की १५.४ दिसतात, खरं उत्तर १६.६. एका टक्क्याहून जास्त फरक पडतो. आणि तुझ्या पद्धतीत २० नोव्हेंबरची रक्कमही १० नोव्हेंबरला आल्यासारखी धरली जाते.

आता #VALUE! बद्दल. बाई, A कॉलमवर नजर टाका, कोणत्या तारखा खान्याच्या डावीकडे चिकटल्यात आणि कोणत्या उजवीकडे ते सांगा. आणि सूत्र नक्की काय घातलंय तेही लिहा.

उद्यमबाग_सीएनसी

काका १२ नं गुणायचं बँकवालेच शिकवतात की, कर्जाचा दर तसाच असतो, महिन्याला १ टक्का म्हणजे वर्षाला १२.

गणेशपूर_वही

कर्जावर तो दर सांगायची रीत तशी आहे, बरोबर, हप्ता त्यावरच बसतो. पण महिन्याला १ टक्का चक्रवाढीनं वर्षाला १२.६८ पडतो. XIRR हा दुसरा आकडा देतं. एफडीशी तुलना करतानाही हे बघ, तिमाही चक्रवाढीच्या ७ टक्क्याचा वर्षाचा खरा दर ७.१९ होतो. तुलना करायची तर दोन्ही बाजू एकाच मापानं मोजायला पाहिजेत.

वडगाव_माग

मधेच विचारतोय माफ करा. माझी सोसायटीत पिग्मी आहे, एजंट रोज संध्याकाळी येतो, कधी शंभर कधी दोनशे, माग बंद असला की काहीच नाही. वर्ष भरलं की व्याज धरून रक्कम देतात. ते म्हणतात अमुक टक्के, पण मधे काढले तर कमिशन कापतात. ह्याला पण एक्सआयआरआर चालतं का? आणि तीनशे पासष्ट ओळी लिहायच्या का?

गणेशपूर_वही

चालतं, का नाही चालायचं. XIRR ला फंड आहे की पिग्मी हे माहीतच नसतं, त्याला रक्कम आणि तारीख पाहिजे. रोजच्या ओळी नकोत, पासबुकातली महिन्याची बेरीज घ्या आणि तारीख महिन्याच्या मधली धरा, १५ वगैरे. फरक पडेल तो दशांशात. कमिशन वेगळं लिहू नका, शेवटी तुमच्या हातात जे आलं तेवढंच अधिक चिन्हानं लिहा, कापलेलं आपोआप दरात उतरतं. वर्षाच्या आत मोडली असली तर निघालेला वार्षिक दर जपून वाचा, त्याचं खाली लिहीन.

चिकोडीची_बाई

काका, दाजींना तुमचं सरासरी दिवसांचं वाचून दाखवलं, ते गप्प बसून परत मांडायलेत वहीवर.

सूत्र हे घातलंय:

```
=XIRR(B2:B16,A2:A16)
```

आणि डावी-उजवी बघितली. एकच तारीख डावीकडे आहे, 20/11/2023. बाकी सगळ्या उजवीकडे. मग ती एक हातानं परत लिहिली 11/20/2023 अशी, शेजारचा मुलगा म्हणाला उलटं लिहून बघा, तर ती उजवीकडे गेली आणि #VALUE! गेलं पण आता #NUM! आलं. म्हणजे काय?

गणेशपूर_वही

मला हेच वाटलं होतं. तुमच्या कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची आहे. तिकडं आधी महिना मग दिवस. अ‍ॅपनं फाइल दिली आपल्या पद्धतीनं, एक्सेलनं वाचली त्यांच्या पद्धतीनं. 20/11/2023 त्याला वाचताच आली नाही कारण विसावा महिना नसतो, म्हणून तो नुसता मजकूर राहिला, डावीकडे चिकटला आणि #VALUE! आलं. तो एरर आला हे तुमचं नशीब, कारण बाकीच्या चौदांपैकी बऱ्याच तारखा चूक आहेत आणि त्या बिनबोभाट उजवीकडे बसल्यात.

खात्री करायची असेल तर A कॉलम निवडा, Format Cells मध्ये जाऊन महिन्याचं नाव दिसेल असा प्रकार निवडा, dd-mmm-yyyy. तुम्हाला दिसेल की जानेवारी ते मे २०२३ चे पाच हप्ते ०१ ऑक्टोबर, ०२ ऑक्टोबर, ०३, ०४, ०५ ऑक्टोबर असे रोज एक पडलेत. १२ जूनचा हप्ता ६ डिसेंबरला गेलाय. ११ मार्च २०२४ चा ३ नोव्हेंबर २०२४ झालाय. आणि शेवटची १० जानेवारी २०२५ ही १ ऑक्टोबर २०२५ झाली असेल, अजून न आलेली तारीख.

#NUM! चं बघा. पहिल्या ओळीच्या आधीची एकही तारीख खाली असली तर XIRR तो एरर देतं, बाकीच्या ओळी मागेपुढे असल्या तर चालतात. तुम्ही लिहिता ती यादी मी मनात मांडली तर पहिली तारीख १ ऑक्टोबर २०२३ होते आणि तिच्या आधीची काही दिसत नाही, म्हणजे अजून काहीतरी वेगळं आहे. रकमांची चिन्हं तशीच आहेत ना? सगळ्या उणे किंवा सगळ्या अधिक झाल्या तरी #NUM! येतं.

काही असो, एकेक तारीख हातानं दुरुस्त करत बसू नका. फाइल सेव्ह न करता बंद करा. विंडोजच्या Settings मध्ये Time & language, तिथं Region, Regional format ला English (India) निवडा. मग अ‍ॅपची मूळ फाइल परत उघडा. महिन्याच्या नावाचा प्रकार लावून दुसऱ्या आणि आठव्या ओळीवर नजर टाका, १० जानेवारी आणि २० नोव्हेंबर दिसायला पाहिजे.

खानापूर_फाटा

माझा पण असाच हिशोब आहे, पण मला एरर काही येईना, उत्तर 0.00% येतं. फंड तर चांगला चाललाय. दर महिन्याला ३ हजार, एकदा १२ हजार काढलेले. तारखा मी तपासल्या, ठीक आहेत.

गणेशपूर_वही

शेवटची ओळ आहे का तुमची, आजच्या किमतीची?

खानापूर_फाटा

नाही. ती कशाला घालायची, मी फंड विकलेला नाही ना. पैसे हातात आलेले नसताना आले असं कसं लिहायचं?

गणेशपूर_वही

प्रश्न रास्त आहे, पण ती ओळ घालावीच लागते. XIRR ला असं सांगायचं असतं की समजा आज सगळं मोडलं तर एवढं मिळेल. ती ओळ नसली तर त्याच्या लेखी तुम्ही महिन्याला तीन-तीन हजार घातले आणि एकूण फक्त १२ हजार परत मिळाले, बाकी बुडाले. काढलेले १२ हजार नसते तर सगळ्या रकमा उणे राहून सरळ #NUM! आला असता आणि चूक लगेच कळली असती. तुमच्याकडे एक अधिक रक्कम आहे म्हणून ते हिशोब करायला बसलं, दर खूप उणे असल्यामुळं त्याला सापडेना आणि 0.00% दाखवून मोकळं झालं.

ते 0.00% खरं शून्य नसतं हे लक्षात ठेवा. खान्याचा प्रकार General करा, 2.98E-09 असं काहीतरी दिसेल. तो आकडा दिसला की समजायचं XIRR ला उत्तर सापडलेलं नाही. फंड खरोखर तोट्यात असताना पण कधीकधी हेच होतं, तेव्हा तिसऱ्या जागी अंदाज द्यायचा:

```
=XIRR(B2:B16,A2:A16,-0.1)
```

तिसरी जागा रिकामी ठेवली तर ते १० टक्क्यांपासून शोधायला सुरुवात करतं.

खानापूर_फाटा

घातली ओळ. युनिट गुणिले आजची एनएव्ही. ११.३ आलं. आभारी आहे काका.

चिकोडीची_बाई

काका झालं! रीजन बदलून फाइल परत उघडली, 20/11 आपोआप उजवीकडे गेली, सूत्र तेच, उत्तर 16.6%. आधीच्या फाइलमध्ये शेवटच्या दोन ओळींना पण मी उणे लावलं होतं दुरुस्त करताना, म्हणून ते #NUM!.

दाजी म्हणतात उत्तर बरोबर आलं हे कशावरून, एक्सेलनं सांगितलं म्हणून? तुमच्या त्या ६,८०५ सारखं सगळ्या ओळींचं करून बघता येतं का?

गणेशपूर_वही

दाजींना माझा नमस्कार सांगा, असंच विचारलं पाहिजे. E1 मध्ये XIRR चं उत्तर ठेवा आणि कुठल्याही रिकाम्या खान्यात हे लिहा:

```
=SUMPRODUCT(B2:B16,(1+E1)^((A16-A2:A16)/365))
```

हे प्रत्येक रक्कम आजपर्यंत वाढवून सगळ्यांची बेरीज करतं. उत्तर शून्याच्या अगदी जवळ आलं पाहिजे, एखाद-दुसरा पैसा इकडंतिकडं. मग दाजींना E1 मध्ये हातानं 9.8% लिहायला सांगा आणि बेरीज किती फुटते ते बघा. शून्य येत नाही म्हणजे ९.८ टक्क्यांनी तुमचे पैसे ९१,५०० होऊच शकत नाहीत, कमी होतात. त्यांना सूत्रावर नाही, त्या शून्यावर विश्वास ठेवू दे.

निपाणीचा_वाटाड्या

ताई, उत्तर आलं ते बरं झालं, पण आता पुढचं बघा. तुमच्या फंडाच्या फॅक्टशीटवर दोन वर्षांचा सीएजीआर काय आहे? तो १६.६ पेक्षा जास्त असला तर फंडानं कमावले आणि तुम्हाला कमी मिळाले. माझ्या फंडाचा सीएजीआर २१ लिहिलाय आणि माझा एक्सआयआरआर १४. सात टक्के गेले कुठं? मी तर डिस्ट्रिब्युटरला धरायच्या विचारात आहे, कमिशन एवढं असू शकतं का?

गणेशपूर_वही

धरू नका त्याला, निदान ह्या कारणासाठी नको. फॅक्टशीटवरचा सीएजीआर म्हणजे एक रुपया पहिल्या दिवशी घातला आणि शेवटच्या दिवसापर्यंत हात लावला नाही तर काय झालं असतं. तुमचे पैसे तसे गेलेच नाहीत. बाजार पहिल्या वर्षात जोरात वाढला आणि दुसऱ्या वर्षात रेंगाळला असेल तर पहिल्या वर्षात तुमचे थोडेच पैसे आत होते आणि दुसऱ्यात जास्त, मग एक्सआयआरआर सीएजीआरपेक्षा कमी येणारच. उलट झालं तर जास्त येईल. रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅनमध्ये खर्चाचा फरक असतो, पण तो एनएव्हीतच कापलेला असतो, आणि रेग्युलर प्लॅनच्या फॅक्टशीटवरच्या सीएजीआरमध्ये पण तो धरलेला असतो. म्हणून सात टक्क्यांचा फरक त्यानं होत नाही.

तुलना करायची खरी पद्धत वेगळी आहे आणि ती थोडी मेहनतीची आहे. निफ्टी ५० च्या कुठल्याही एका इंडेक्स फंडाचा ग्रोथ प्लॅन घ्या. तुमच्या प्रत्येक तारखेची त्याची एनएव्ही अ‍ॅम्फीच्या वेबसाइटवर जुनी यादी असते तिथून घ्या. समजा तुमचा प्रत्येक हप्ता त्याच दिवशी तिकडे गेला असता, तर किती युनिट मिळाले असते ते शेजारच्या कॉलममध्ये लिहा, रक्कम भागिले एनएव्ही. काढले त्या दिवशी तेवढ्या रुपयांचे युनिट वजा करा. शेवटी जेवढे युनिट उरतात ते गुणिले आजची एनएव्ही, ही झाली तुमची शेवटची ओळ. बाकी सगळ्या तारखा आणि रकमा तुमच्याच. त्यावर XIRR लावा. आता दोन एक्सआयआरआर समोरासमोर ठेवता येतात, कारण दोन्हीत पैसे एकाच दिवशी आत आले आणि एकाच दिवशी बाहेर गेले. ह्यात जो फरक निघेल तो फंडाचा, बाकी तुमच्या वेळेचा.

एकच जपायचं. ज्यानं खूप मोठी रक्कम काढली आणि त्याचा फंड इंडेक्सपेक्षा खूप पुढे गेलेला असेल, त्याच्या ह्या खोट्या खात्यात युनिट उणे होऊ शकतात. तसं झालं की ती तुलना सोडून द्यायची.

हिंडलगा_वाचक

काका एक बातमी, माझा नवीन फंड बघा, १० हजार टाकले, ४५ दिवसांत १०,५०० झाले, एक्सआयआरआर ४८.५ टक्के! इथल्या सगळ्यांनी तो फंड बघायला पाहिजे. नाव टाकू का?

गणेशपूर_वही

नाव टाकू नका. ४५ दिवसांत ५ टक्के झाले एवढंच खरं आहे. XIRR नं असं धरलं की असेच ५ टक्के दर ४५ दिवसांनी वर्षभर मिळत राहतील, म्हणून ४८.५. पुढच्या ४५ दिवसांत ५ टक्के उतरले तर हाच आकडा जवळपास शून्यावर येतो. पैसे सरासरी एक वर्ष आत राहिलेले नाहीत तोवर वार्षिक दर वाचूच नये, नुसता फायदा रुपयात आणि टक्क्यात बघावा. वडगावच्या भाऊंच्या पिग्मीचं पण हेच, वर्षाच्या आत मोडली असेल तर.

बाईंना पण सांगतो, तुमचे पैसे सरासरी १ वर्ष दीड महिनाच आत आहेत म्हणून तुमचा १६.६ सुद्धा अजून डोलणारा आकडा आहे. शेवटच्या ओळीत ९१,५०० च्या जागी ५ टक्के कमी, म्हणजे ८६,९२५ लिहून बघा. दर १३.२ वर येतो. बाजार सप्टेंबर २०२४ च्या शेवटापासून किती खाली आला ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा ५ टक्के काही लांबचे नाहीत. जसजशी वर्षं जातील तसतसा एकाच दिवसाच्या किमतीचा धक्का कमी बसेल.

चिकोडीची_बाई

८६,९२५ टाकून बघितलं, 13.2% आलं खरंच. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

काका अजून एक, ऑक्टोबरात ४० हजार काढले तेव्हा स्टेटमेंटवर थोडी जास्त रक्कम दिसतेय आणि खात्यात ४० हजार आले. मधे एक्झिट लोड कापलाय. मी कोणता आकडा लिहायचा होता?

गणेशपूर_वही

खात्यात आलेला. तुम्ही ४० हजार लिहिलंय ते बरोबर. फंड आधी जुने युनिट विकतो, २०२३ च्या पहिल्या सहा हप्त्यांचे वर्षाच्या पुढे गेले होते म्हणून त्यांना लोड नाही, पण तेवढ्यात ४० हजार भरले नसतील तर राहिलेले नोव्हेंबर २०२३ च्या लॉटमधले गेले असतील, त्यांना वर्ष व्हायला ४१ दिवस कमी होते. लोड त्यांच्यावर लागला असेल. हप्त्याचं मात्र उलटं, खात्यातून गेलेले पूर्ण ५ हजार लिहायचे. स्टॅम्प ड्युटी ०.००५ टक्के कापून युनिट देतात, म्हणजे ५ हजारावर २५ पैसे, पण गेले तुमच्याकडून पूर्ण ५ हजार.

आणि हा दर टॅक्सच्या आधीचा आहे. एफडीशी ताडून बघताना दोन्हीकडचा टॅक्स वजा करूनच दाजींशी बोला.

उद्यमबाग_सीएनसी

काका पटलं ते १२ चं. पण एक गोष्ट अजून मला पटेना. बाईंचे जुलै ते नोव्हेंबर हप्ते बंद होते, तेव्हा थोडेफार पैसे सेव्हिंग खात्यात पडून होते असं धरू. ते ३ टक्क्यांनी पडून राहिले. एक्सआयआरआरमध्ये ते कुठंच दिसेना. मग १६.६ हा बाईंच्या पैशाचा परतावा कसा? हा फक्त फंडात गेलेल्या पैशाचा झाला. हप्ते थांबवायची सवय असली तरी आकडा झकास दिसणार.

गणेशपूर_वही

बरोबर आहे, XIRR फक्त आत असलेल्या पैशाचं सांगतं. घरात किंवा खात्यात थांबलेल्या पैशाचं उत्तर त्याच्याकडून मागू नये, फंडाचा त्यात काही दोष नाही. पण ते पैसे पेरणीला लागणार होते, ते फंडात जाऊच शकत नव्हते. त्यांना हिशोबात घेणं मला योग्य वाटत नाही.

उद्यमबाग_सीएनसी

पेरणीला लागले ते सोडा. पण जे ५० हजार नोव्हेंबरात एकदम टाकले, ते ऑक्टोबरातच आले असले तर? महिनाभर थांबले असले तर? माझं म्हणणं सेव्हिंग खातं आणि फंड दोन्ही एकत्र धरून एक एक्सआयआरआर काढायला पाहिजे, पगार आणि पिकाचे पैसे आले ते उणे, घरखर्चाला गेले ते अधिक, शेवटी दोन्हीकडची शिल्लक.

गणेशपूर_वही

काढता येईल. पण त्यात घरखर्चाचा सगळा पैसा आत-बाहेर होणार आणि तो दर ३ च्या आसपास घसरत येईल, त्यावरून फंड ठेवायचा की नाही हे काही ठरत नाही. मी तो आकडा वेगळा ठेवेन. तू एकत्र काढून बघ आणि इथं टाक, माझं मत बदलेल असं दिसलं तर बदलेन.

चिकोडीची_बाई

सोयाबीनचे पैसे दसऱ्यानंतर लगेच आले होते, तीन-चार आठवडे खात्यात होते हे खरं आहे. म्हणजे दोघांचं पण थोडंथोडं बरोबर वाटतंय मला. रविवारी इंडेक्स फंडाच्या चौदा-पंधरा एनएव्ही उतरवून काढते आणि ती दुसरी शीट इथं टाकते. सेव्हिंग खात्याचं पासबुक भरून आणायला लागेल, ते पुढच्या आठवड्यात.

वडगाव_माग

बाई शीट टाकाल तेव्हा रिकामी पण एक टाका, तारीख आणि रकमेचे खाने असलेली. मी पिग्मीचं त्यात भरतो.